‘किती वाळलीस गं!’ – हे बोल नेमके कोणाला?

रविवारची मिस्सा आटोपून आपण चर्चच्या आवारात आलो की पहिली पाच मिनिटे कशात जातात, याकडे आपले कधी लक्ष गेले आहे का? ‘कशी आहेस’ असे विचारण्याआधीच ‘अगं, किती वाळलीस!’, ‘काय रे, पोट सुटलं की तुझं’, ‘वहिनींची तब्येत सुधारली हं’, ‘उन्हात फिरून पार काळवंडलास’ असे बोल कानावर येतात. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू असते, समोरच्याचा हात त्याने हातात घेतलेला असतो, आणि पुढचे वाक्य बहुधा ‘ये की घरी जेवायला’ असेच असते. आपल्यापैकी अनेकांचे बालपण हे बोल ऐकतच गेले आहे.

पण आपले शहर आता बदलले आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर कारखान्यांमागून कारखाने आले आणि 1982 साली महानगरपालिका झाली. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेल्या कुटुंबांच्या शेजारी केरळ, तामिळनाडू, गोवा, झारखंड इथली कुटुंबे राहू लागली. 2009 साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मन, जपानी, कोरियन माणसे आज या पट्ट्यात कामानिमित्त ये-जा करतात, आणि त्यांतील काही आपल्या घरी जेवायलाही येतात. जे बोल आपल्याला मायेचे वाटतात ते त्यांना चक्क उद्धट वाटतात. मग प्रश्न पडतो की चूक कोणाची? ऐकणाऱ्याला आपली माया कळत नाही, की आपल्यालाच आपला उद्धटपणा दिसत नाही?

उत्तर देण्याची घाई करण्याआधी एक प्रसंग कल्पनेत उभा करू. निगडीतील एका घरी नाताळचे जेवण आहे. चाकणच्या कंपनीतील एक जर्मन अभियंता पाहुणा म्हणून आला आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली घरची नात सासूबाईंबरोबर येते. दारातच आजी तिच्या गालांवरून हात फिरवून म्हणते, ‘बाई गं, किती सुटलीस! लग्न मानवलं म्हणायचं तुला.’ पाहुण्याने अर्थ विचारला, तेव्हा कोणीतरी सांगितले की आजी म्हणतात, ‘तू खूप जाड झालीस.’ पाहुण्याचा चेहरा पडला. सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, घरातील सर्वांत वयस्कर बाईने नातीचा अपमान केला, असे त्याला वाटले.

आता हेच वाक्य सासूबाईंच्या कानांनी ऐकू. त्या मनातून सुखावल्या. आजीने भरल्या घरात त्यांना शाबासकी दिली होती की माझी नात तुमच्या घरी उपाशी नाही, दुःखी नाही, तुम्ही तिला नीट सांभाळता. आजीला म्हणायचे होते तेही हेच. पाहुण्याने शब्द बरोबर ऐकले, पण ते कोणाला उद्देशून आहेत हे त्याला कळले नाही. वाक्य नातीकडे बघून म्हटले गेले, पण त्याचा खरा रोख सासूबाईंकडे होता.

या साऱ्या विषयाची किल्ली इथेच आहे असे आम्हांला वाटते. जुन्या घरात माणसाचे शरीर हे त्याचे एकट्याचे काम मानले जात नव्हते. ते त्याला जेवू घालणाऱ्यांचे काम होते. माहेरी आलेल्या लेकीला आई ‘किती वाळलीस’ म्हणते, तेव्हा ती लेकीला नावे ठेवत नाही, सासरच्यांना जाब विचारते. वसतिगृहातून आलेल्या मुलाला ‘नुसती हाडं राहिलीत’ म्हणते, तेव्हा तक्रार खाणावळीविरुद्ध असते. आपली भाषाही याची साक्ष देते. मूल बाळसे ‘धरते’, गावचे पाणी ‘मानवते’, खाल्लेले ‘अंगाला लागते’. ‘तब्येत’ या एकाच शब्दाचा अर्थ प्रकृती असाही होतो आणि अंगाची जाडी असाही. ‘तब्येतीने बरा आहे’ असे सांगितले, तर मुलगा निरोगी आहे की जाडा आहे, हे पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. कारण हे शब्द घडले तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची गरजच फारशी पडत नव्हती.

ती का पडत नव्हती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. 1972च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्लेली, सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली माणसे आजही आपल्यात आहेत. त्या वर्षांत वाळलेला माणूस म्हणजे न जेवलेला किंवा आजारी माणूस. तिसरा अर्थ त्याला नव्हता. हौसेने वाळण्याची कल्पनाही कोणाच्या मनाला शिवणारी नव्हती. अशा काळातून आलेली आजी नातीचे भरलेले गाल बघून सुखावते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर रिकामी चूल असते, हे आपण विसरू नये.

पवित्र शास्त्रातही हाच विचार दिसतो. दानिएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपल्याला ठाऊक आहे. बाबेलच्या राजाने आपल्या ताटातले अन्न दानिएल आणि त्याच्या तीन सोबत्यांना द्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी ते नाकारले आणि भाजीपाला व पाणी मागितले. खोजांचा प्रमुख घाबरला. ही मुले इतरांपेक्षा रोड दिसली तर राजा माझे शिर उडवील, अशी त्याची भीती होती. मुलांची शिक्षा त्याला भेडसावत नव्हती, स्वतःची भेडसावत होती. मुलगा वाळला तर दोष त्याला सांभाळणाऱ्याचा, हा राजवाड्यातलाही नियम होता. शेवटी दहा दिवसांची परीक्षा ठरली, आणि दहा दिवसांनी ती चौघे इतरांपेक्षा चांगली व अंगाने भरलेली दिसली, असे शास्त्र सांगते. अंगाने भरलेले दिसणे हा तिथे गौरव आहे.

हे केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत नवरा-बायको एकमेकांना ‘गोर्दो’, ‘गोर्दा’ म्हणजे ‘जाड्या’, ‘जाडे’ अशी लाडाने हाक मारतात. ॲन बेकर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर राहून याचा बारकाईने अभ्यास केला, आणि 1995 साली त्यांचे पुस्तक आले. तिथल्या गावांत कोण वाळले, कोण भरले, यावर सर्वांसमोर सहज बोलले जाई, कारण कोणाचेही अंग हे त्याच्या गोतावळ्याने त्याला किती जपले याचे चिन्ह मानले जाई. निगडीच्या आजीला फिजीची आजी लगेच समजली असती.

इथपर्यंत आजीची बाजू भक्कम आहे. पण अजून एका व्यक्तीचे कान बाकी राहिले. ती म्हणजे नात.

समजा, या नातीला थायरॉइडचा त्रास आहे. वर्षभरात वजन वाढले ते सासरच्या सुखाने नव्हे, तर आजाराने. गोळी चालू आहे. वजन कमी व्हावे म्हणून ती रात्रीचे जेवण अर्धे करते. कंपनीत दिवसभर बसून काम, येता-जाता बसमध्ये दोन तास, आणि हातातल्या फोनवर सडपातळ बायकांची चित्रे. ‘किती सुटलीस’ हे वाक्य तिला सासूबाईंची शाबासकी म्हणून ऐकू येत नाही. रोज आरशासमोर ती स्वतःला जे बोलते, तेच आता आजीच्या तोंडून, सगळ्यांसमोर आले. जर्मन पाहुणा मराठी नव्हता म्हणून त्याला अर्थ कळला नाही. नात तर मराठीच आहे, त्याच घरात वाढलेली आहे. तरीही तो मायेचा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

असे का व्हावे? कारण शरीराचा जबाबदार बदलला आहे. आजीच्या काळी जबाबदार घर होते, आज जबाबदार एकटी नात आहे. काय खावे, किती चालावे, जिमला किती पैसे भरावेत, हे सारे तिचे ‘स्वतःचे’ निर्णय समजले जातात. वजन वाढले तर आळशी ती, खादाड ती. ज्या वाक्याचा रोख पूर्वी ताट वाढणाऱ्याकडे होता, तो आता सरळ ताटावर बसलेल्यावर येतो. शब्द तेच आहेत, बोलणारी तीच आहे, माया तीच आहे, पण वाक्य जिथे जाऊन पडायचे ती जागा बदलली.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 साली देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 23 टक्के प्रमाणापेक्षा कृश होत्या आणि 21 टक्के प्रमाणापेक्षा जाड. 2019-21च्या पाहणीत कृश स्त्रिया 19 टक्क्यांच्या आसपास आल्या आणि जाड स्त्रिया 24 टक्के झाल्या. म्हणजे या काही वर्षांतच पारडे फिरले. भूक संपली असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ‘भरलेली दिसते’ हे वाक्य ऐकून मनापासून आनंदणाऱ्या बायकांपेक्षा आतून कळवळणाऱ्या बायका वाढत असणार, असा अंदाज त्यावरून नक्की करता येतो.

फिजीतही पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. बेकरबाईंनी अभ्यास केलेल्या भागात 1995 साली दूरदर्शन संच आले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, आणि 1998 साली पुन्हा केली. पहिल्या वेळी खाण्याविषयी बिघडलेल्या मनोवृत्तीची लक्षणे सुमारे 13 टक्के मुलींत दिसली होती, दुसऱ्या वेळी ती 29 टक्के मुलींत दिसली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्या पाहणीत असे करणाऱ्या 11 टक्के निघाल्या. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि त्या प्रत्येक वेळी साठ-पासष्टच होत्या, तेव्हा सारा दोष दूरदर्शनवर टाकता येणार नाही. पण एवढे दिसते की जिथे भरलेले अंग हे प्रेमाचे प्रमाणपत्र होते, तिथेही एका पिढीच्या आत त्याचा अर्थ उलटू शकतो. आजी जुन्याच अर्थाने बोलत राहते आणि नात नव्या अर्थाने ऐकत राहते.

आता नैतिक प्रश्नाकडे वळू. आजीचा हेतू चांगला होता. मग तिच्याकडे दोष जातो का?

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात शब्दाने होणाऱ्या अपमानाचा वेगळा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे असे की शब्द हा नुसता आवाज म्हणून कोणाला जखम करत नाही. तो काही अर्थ वाहून नेतो म्हणून जखम करतो, आणि तो अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असतो. दुसऱ्याचा मान घालवावा या हेतूने म्हटलेले तेच खरे अपमानाचे पाप. इथवर आजी सुटली. पण संत थॉमस तिथे थांबत नाहीत. हेतू वाईट नसला तरी शब्द बेसावधपणे वापरले, तर समोरच्याचा मान जाऊ शकतो आणि बोलणाऱ्याकडे दोष येऊ शकतो, असेही ते म्हणतात. थट्टेविषयी तर ते आणखी स्पष्ट आहेत. समोरच्याला आनंद व्हावा म्हणून केलेली हलकी थट्टा निर्दोष असू शकते, पण इतरांना हसवण्यासाठी समोरच्याला दुखावले तरी चालेल असे ज्याला वाटते, त्याची थट्टा निर्दोष नाही.

म्हणजे ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ हे उत्तर अर्धेच आहे. त्याने अपमानाचा आरोप पुसला जातो, पण माया पोहोचली असे सिद्ध होत नाही. माया ही दोघांमधली वस्तू आहे. पाठवलेली मनिऑर्डर गावी मिळाली नाही, तर पाठवणारा चोर ठरत नाही. पण ‘मी पाठवली होती’ एवढे म्हणून आईची चूलही पेटत नाही.

मग हे बोल कायमचे बंद करावेत का? तसे आम्हांला वाटत नाही, आणि त्याचे कारणही याच पट्ट्यात आहे. भोसरीत, चाकणमध्ये एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच मुले राहतात. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एकाचे उठणे आणि दुसऱ्याचे झोपणे. त्यांतला एखादा महिनाभर वाळत गेला, तर ते सांगणारे कोणी नसते. क्षयरोगाच्या तपासणीत विचारल्या जाणाऱ्या मुख्य लक्षणांत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप आणि रात्री येणारा घाम यांच्याबरोबर घटणारे वजनही आहे. मधुमेहातही वजन अचानक उतरू शकते. घटलेले वजन स्वतःच्या लक्षात यायला उशीर लागतो. ‘अरे, असा का वाळलास? खोकतोस का?’ असे विचारणारी मावशी त्या मुलाला असती, तर तो दवाखान्यात लवकर पोहोचला असता. या बोलण्याच्या मुळाशी जी नजर आहे, ‘तू मला दिसतोस’ असे सांगणारी, ती मोलाची आहे. ती गेली तर शिष्टाचार उरेल, पण शेजार जाईल.

मात्र त्या नजरेने आपली मर्यादाही ओळखावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. दिसायला दोघेही सडपातळ. पण मोजले तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात 9 टक्के चरबी निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात 21 टक्के. दोन डॉक्टरांचे शेजारी उभे राहून जे दिसले नाही, ते आपल्याला आवारातल्या एका नजरेत दिसेल असे समजू नये. ‘सुटलीस’ म्हणजे सुख नव्हे आणि ‘बारीक आहे’ म्हणजे ठणठणीत नव्हे. डोळ्याला बदल दिसतो, बदलाचे कारण दिसत नाही. म्हणून बदल दिसला तर प्रश्न विचारावा, निकाल देऊ नये. ‘किती वाळलीस’ हा निकाल आहे. ‘बरी आहेस ना गं? जेवण जातंय ना?’ हा प्रश्न आहे, आणि माया त्यात तेवढीच आहे. आणि एखादीचे पोट बघून ‘काय, गोड बातमी वाटतं?’ असे विचारणे तर सोडूनच द्यावे. महिन्याभरापूर्वी जिचे मूल पोटातच गेले, तिला त्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी मोठी शिक्षा नाही.

आतापर्यंत आपण वजनाविषयी बोललो. रंगाचे आणि रूपाचे काय? ‘काळी’, ‘नकटी’, ‘बुटका’ हेही लाडाचेच शब्द आहेत, असे सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य आहे. लेकराला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून त्याला चांगले म्हणायचे नाही, अशी जुनी रीत होती. मागची मुले दगावली असली, तर पुढच्याचे नाव मुद्दाम दगडू, धोंडू, कचरू ठेवीत, म्हणजे मृत्यूलाही ते नकोसे वाटावे. ‘माझं काळं ध्यान’ म्हणत मुलाला कुशीत घेणारी आई त्याच रीतीतली. दृष्ट लागते यावर आपला ख्रिस्ती माणसांचा विश्वास नाही, पण बोलण्याची सवय आपल्यातही उरली आहे.

तरीही वजन आणि रंग यांत एक मोठा फरक आहे. वजनावरचा बोल मुळात सांभाळणाऱ्याविषयी होता. रंग कोणी कोणाला जेवू घालून आणत नाही. ‘काळी’ या शब्दात जाब विचारायला तिसरा कोणी नाही, तो शब्द फक्त त्या मुलीवरच येतो. शिवाय हाच शब्द लग्नाच्या बाजारात तिच्याविरुद्ध वापरला जातो. स्थळ पाहायला आलेली मंडळी ‘गोरी, सडपातळ’ अशी अट घालतात, आणि ज्या काकूने कालपर्यंत ‘आमची काळुंद्री’ म्हणून लाड केले, तीच आज ‘रंगाने जरा डावी आहे’ म्हणून कुजबुजते. ज्या शब्दाने उद्या नाकारायचे, त्याच शब्दाने आज लाड करता येत नाहीत. आईच्या कुशीत, जिथे नाकारले जाण्याची शक्यताच नाही, तिथे ‘काळं ध्यान’ गोड आहे. चर्चच्या आवारात, चार घरच्या लोकांसमोर, ते तसे राहत नाही.

माया आहे की नुसती सवय, हे ओळखायचे कसे? दोन साध्या खुणा आपल्या घरांतच आहेत. पहिली खूण ताटाची. ‘वाळलीस’ म्हणणाऱ्या मावशीचे पुढचे वाक्य ‘बस, भाकरी टाकते’ असे असेल, तर तो शब्द मायेच्या साखळीतला एक दुवा आहे. त्या शब्दानंतर काहीच येत नसेल, किंवा आजूबाजूचे हसू तेवढे येत असेल, तर साखळी तुटली आहे आणि उरले ते फक्त दिसण्यावरचे शेरे.

दुसरी खूण उलट उत्तराची. दीर वहिनीला ‘काय वहिनी, दार मोठं करावं लागेल’ म्हणतो, आणि वहिनी ‘आधी स्वतःचं टक्कल झाका’ म्हणून परतवते. दोघेही हसतात. अशी नात्याने परवानगी दिलेली थट्टा जगात अनेक समाजांत आहे, आणि इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली तिच्यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला होता. थट्टा जिथे जिथे चालते, तिथे ज्याची थट्टा होते त्याने ती मनाला लावून घ्यायची नाही, असा अलिखित करार असतो. पण नवी सून सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला असे उत्तर देऊ शकते का? कामगार साहेबाला देऊ शकतो का? चौदा वर्षांची मुलगी पन्नाशीच्या काकांना देऊ शकते का? जिथे उलट बोलण्याची मुभा नाही, तिथे करार झालेलाच नाही, आणि तिथले हसू पाहून ‘तिला काही वाटत नाही’ असे ठरवता येत नाही. ओढणी सारखी करणे, फोटोत मागे उभे राहणे, पुढच्या समारंभाला ‘परीक्षा आहे’ म्हणून न येणे, दुसऱ्यांदा वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरणे, ही तिची उत्तरे असतात. ती आपल्याला वाचता यायला हवीत.

पाहुण्याचेही कर्तव्य आहेच. दुसऱ्याच्या घरी ऐकलेल्या शब्दाचा अर्थ आपल्या घरच्या शब्दकोशात शोधू नये. त्या जर्मन पाहुण्याने रागावण्याआधी ‘आजींना काय म्हणायचे आहे?’ असे विचारले, तर त्याला एका दुष्काळाची आणि एका सासरची गोष्ट ऐकायला मिळेल. त्याला समजावताना ‘आमच्यात असंच बोलतात’ हे उत्तर चालेल. पण हेच उत्तर नातीला देता येणार नाही, कारण ‘आमच्यात’ म्हणजे ज्यांच्यात, त्यांत तीही आहे. आपल्यात कसे बोलावे हे ठरवण्याचा तिलाही तेवढाच हक्क आहे. संस्कृतीचे नाव बाहेरच्याला समजावण्यासाठी घ्यावे, घरच्याला गप्प बसवण्यासाठी घेऊ नये.

म्हणून नातीने आजीच्या शब्दामागची रिकामी चूल ओळखावी, आणि आजीने नातीच्या अर्ध्या ताटाकडे नीट पाहावे. जेवणे झाल्यावर, भांडी आवरताना, दोघीच असताना आजीने विचारावे, ‘बाळा, जेवली का नाहीस नीट? काय होतंय?’ मग थायरॉइडच्या गोळीची गोष्ट निघेल, आणि ती ऐकल्यावर ‘किती सुटलीस’ हे वाक्य आजी पुन्हा म्हणेल असे आम्हांला वाटत नाही. तिला कोणी मनाई केली म्हणून नव्हे, तर जे सांगायचे होते ते आता दुसऱ्या शब्दांत पोहोचले म्हणून.